चलनाची फाइल आणि थांबलेले मेसेज: बाहेरून घेतलेल्या अ‍ॅपचं एक प्रकरण

हे माझ्या मामांच्या बाबतीत घडलेलं आहे. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. गाव, बँक आणि माणसं ओळखू येतील असे तपशील काढून टाकले आहेत. पुण्यात एका कंपनीत अँड्रॉइडवरची अ‍ॅपं तपासणं हे माझं रोजचं काम आहे. ही गोष्ट मुद्दाम आधीच सांगते, कारण या प्रकरणात माझीही एक चूक आहे आणि ती पुढे येईल.

## पार्श्वभूमी

मामांचं वय ५६. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावात राहतात. घरी चार म्हशी आणि एक पिकअप. आसपासच्या दूध संस्थांचे कॅन भरून ते रोज सकाळ-संध्याकाळ शीतकरण केंद्रावर पोचवतात. दुधाचं बिल आणि गाडीचं भाडं एकाच बचत खात्यात जमा होतं, गाडीचा हप्ताही तिथूनच जातो. त्या खात्याचं डेबिट कार्ड त्यांच्या पाकिटात असतं.

फोन तीन वर्षांपूर्वी घेतलेला, अँड्रॉइड १२ वर थांबलेला. कंपनीकडून येणारे सुरक्षेचे अपडेट कधीच बंद झालेले. मामा त्यावर व्हॉट्सअ‍ॅप वापरतात, भजनं ऐकतात आणि संस्थेचे एसएमएस बघतात. डेअरीत दूध घातलं की पाच-दहा मिनिटांत मेसेज येतो: किती लिटर, फॅट किती, एसएनएफ किती, दर किती. मामी तो मेसेज रोज वाचतात आणि वहीत उतरवून ठेवतात. या प्रकरणात सगळ्यात आधी धोका दिसला तो या वहीमुळे.

## काय घडलं

शनिवारी दुपारी जेवण करून मामा पडले होते. दूध उत्पादकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फाइल आली. पाठवणारा शेजारच्या वाडीतला, वीस वर्षांच्या ओळखीचा माणूस. मजकूर असा होता की तुमच्या वाहनाने नियमभंग केला आहे, चलन पाहण्यासाठी खालची फाइल उघडा. फाइलचं नाव `RTO E CHALLAN.apk`.

त्याच आठवड्यात मामा पिकअप घेऊन कोल्हापूरला गेले होते आणि एका चौकात पोलिसाने गाडीचा फोटो काढल्याचं त्यांनी पाहिलं होतं. त्यामुळे चलन येणार अशी त्यांची खात्रीच होती. फाइल अशी नेमक्या वेळी आली हा निव्वळ योगायोग. पण ज्याच्या दारात गाडी आहे त्याला चलनाची धास्ती असतेच, आणि असा योगायोग शेकडोंतल्या चार-पाच जणांच्या बाबतीत जुळणार हे पाठवणाऱ्या टोळीला पक्कं माहीत असतं.

फाइल दाबल्यावर फोनने अडवलं. या ठिकाणाहून अ‍ॅप टाकायला परवानगी नाही, असं सांगून सेटिंगमध्ये जायचं बटण दिलं. मामांनी तिथे जाऊन व्हॉट्सअ‍ॅपपुढचं `Allow from this source` चालू केलं. अ‍ॅप बसलं. उघडल्यावर राजमुद्रेचं चित्र दिसलं आणि खाली ‘अपडेट आवश्यक’ असं बटण. ते दाबल्यावर फोनने पुन्हा तोच प्रश्न विचारला, या वेळी त्या चलनाच्या अ‍ॅपबद्दल. मामांनी पुन्हा हो म्हटलं. आता अ‍ॅपं तपासणाऱ्या गुगलच्या प्ले प्रोटेक्टने लाल खुणेसह सांगितलं की हे अ‍ॅप घातक आहे. पण ग्रुपवरच्या त्या मजकुरातच शेवटी लिहिलेलं होतं: ‘इशारा आल्यास प्ले स्टोअरमध्ये जाऊन प्ले प्रोटेक्ट बंद करावे, सरकारी अ‍ॅप असल्याने असे होते.’ मामांनी पायरीपायरीने तसं केलं.

दुसरं अ‍ॅप बसलं. त्याने एसएमएस वाचण्याची परवानगी मागितली, मग एसएमएससाठी नेहमीचं अ‍ॅप म्हणून मलाच ठेवा असं विचारलं. त्यानंतर गाडीचा नंबर, आणि ‘खातरजमेसाठी १ रुपया भरा’ म्हणून कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे. मामांनी ते भरले. पान बराच वेळ फिरत राहिलं आणि बंद झालं. परत उघडायला गेले तर अ‍ॅपचं चिन्हच कुठे दिसेना. ‘बसलं नसंल’ असं म्हणून मामा गाडी काढून निघून गेले.

संध्याकाळी दूध घातलं, पण मेसेज आला नाही. मामींनी विचारलं, आजचा मेसेज कुठाय? डेअरीत चौकशी केली तर सगळ्यांना मेसेज गेलेले. साडेआठच्या सुमारास मामांनी मला फोन केला.

“पोरी, दुपारपास्नं एक बी मेसेज येईना बघ फोनवर.”

“रेंज असेल मामा. फोन बंद करून चालू करा.”

“केलाय की दोनदा.”

“मग उद्या सकाळपर्यंत बघा, येतील एकदम सगळे.”

मी पुढे काही विचारलं नाही. फोन ठेवला.

त्या रात्री ११ वाजून ४२ मिनिटांनी कार्डावरून ४९,९०० रुपयांची ऑनलाइन खरेदी झाली. १२ वाजून ९ मिनिटांनी पुन्हा ४९,९०० ची. कार्डाची ऑनलाइन खर्चाची रोजची मर्यादा ५०,००० होती. मध्यरात्री तारीख बदलली की मर्यादा नव्याने सुरू होते, म्हणून एक व्यवहार बाराच्या आधी आणि एक नंतर. दोन्हींना ओटीपी लागला होता आणि दोन्ही ओटीपी मामांच्याच नंबरवर आले होते. फक्त ते मामांना दिसले नाहीत.

## आत नेमकं काय होतं

इथे थोडं थांबून यंत्रणा समजून घ्यावी लागेल.

`.apk` ही अँड्रॉइडच्या अ‍ॅपची फाइल. प्ले स्टोअरवरून काही घेतलं तरी शेवटी फोनवर तेच बसतं, फक्त आपल्याला फाइल दिसत नाही. त्यामुळे बाहेरची फाइल म्हणजे विष आणि दुकानातली म्हणजे अमृत अशी वाटणी नाही. ज्यांचा कोड कुणालाही वाचता येतो अशा खुल्या अ‍ॅपांचं एफ-ड्रॉइड नावाचं भांडार आहे, ते गुगलच्या दुकानाबाहेरचंच आहे, आणि मी स्वतः ते वापरते. फरक पडतो तो फाइल आणि आपण यांच्यामध्ये कोणी उभं आहे की नाही याने.

या प्रकरणात सगळा खेळ एसएमएसचा आहे. आपल्याकडे बँकेचं कुलूप ओटीपीने उघडतं आणि ओटीपी एसएमएसने येतो. म्हणून जे अ‍ॅप एसएमएस वाचू शकतं त्याच्या हातात किल्ली असते. गुगलने २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये प्ले स्टोअरसाठी नियम जाहीर केला की एसएमएस आणि कॉलच्या नोंदी वाचण्याची परवानगी सरसकट कुणालाही मिळणार नाही. ज्याचं कामच मेसेजिंगचं किंवा कॉलचं आहे, अशांना आणि मोजक्या अपवादांनाच ती मिळते, तीही कारण देऊन. प्ले प्रोटेक्ट बंद केलं की बाहेरून आलेल्या फाइलला हा प्रश्न कुणीच विचारत नाही. तिला फक्त मालकाकडून एक ‘हो’ हवा असतो. चलन दाखवणाऱ्या अ‍ॅपला मामांचे मेसेज कशाला हवेत, हे दुकानात विचारलं गेलं असतं. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फाइलच्या बाबतीत ते विचारणारे मामा एकटेच होते.

मेसेज दिसेनासे का झाले, याचंही उत्तर इथेच आहे. अँड्रॉइडमध्ये एका वेळी एकच अ‍ॅप एसएमएसचं मुख्य अ‍ॅप असतं. आलेला मेसेज फोनच्या पेटीत लिहून ठेवायचा किंवा काढून टाकायचा अधिकार त्या एकालाच. मामांनी तो अधिकार नकली अ‍ॅपला दिला. त्यानंतर आलेला प्रत्येक मेसेज त्या अ‍ॅपकडे गेला, तिथून चोरांकडे पाठवला गेला आणि पेटीत लिहिलाच गेला नाही. बँकेचे ओटीपी गेले तसे डेअरीचे लिटर-फॅटही गेले.

मी नंतर ती फाइल संगणकावर उघडली. अ‍ॅप कोणत्या परवानग्या मागतं ते बघायला अँड्रॉइडच्या `aapt` या साधनाची एक साधी आज्ञा पुरते:

```
aapt dump badging challan.apk
```

ग्रुपवर आलेल्या पहिल्या फाइलमध्ये एसएमएसची परवानगी नव्हतीच. नजरेत भरणारी एकच होती, `REQUEST_INSTALL_PACKAGES`, म्हणजे दुसरं अ‍ॅप बसवण्याची मुभा. खरं काम करणारं अ‍ॅप तिच्या पोटात लपवलेलं होतं आणि ‘अपडेट’ च्या बटणाने ते बाहेर आलं. त्या दुसऱ्यात मात्र `RECEIVE_SMS`, `READ_SMS`, `SEND_SMS` आणि `READ_CONTACTS` अशी पूर्ण रांग होती. पहिलं अ‍ॅप वरवर निरुपद्रवी ठेवायचं म्हणजे सुरुवातीच्या तपासणीत काही सापडत नाही. दुसरं बसताना प्ले प्रोटेक्टने ओळखलं, पण तोवर मामांच्या मनात ‘असं होतंच’ हे भरवून झालेलं होतं.

चिन्ह नाहीसं होणं हाही त्या रचनेचाच भाग. अ‍ॅप आपलं चिन्ह अ‍ॅपांच्या यादीतून लपवू शकतं, पण `Settings` मधल्या `Apps` च्या पूर्ण यादीत ते राहतंच. तिथे ते बिनचिन्हाचं, सरकारी वाटेल अशा एका नावाने बसलेलं मला सापडलं.

## रविवारी सकाळी समोर असलेले पर्याय

पहाटे पाचला मामा एटीएमवर डिझेलसाठी पैसे काढायला गेले आणि शिल्लक पाहून त्यांचे पाय लटपटले. साडेपाचला मला फोन. या वेळी मी पहिला प्रश्न योग्य विचारला: काल काही डाउनलोड केलं होतं का?

चार गोष्टी करता येण्यासारख्या होत्या आणि त्यातली कुठली आधी, यावर बरंच अवलंबून होतं.

मामांचा मुलगा म्हणत होता, अ‍ॅप लगेच काढून टाकू. हे अगदी स्वाभाविक आहे, पण त्याने चोरीला गेलेली कार्डाची माहिती परत येत नाही, आणि पुढे पोलिसांना दाखवायला हाताशी पुरावाही उरत नाही. दुसरा पर्याय फोन पूर्ण पुसून कोरा करण्याचा. तो करायचाच होता, पण नंतर. तिसरा, शाखेत जाऊन साहेबांना भेटायचं. मामांना तोच पटत होता, कारण बँकेतला माणूस तोंडओळखीचा. पण रविवार होता. सोमवारी साडेदहापर्यंत वाट बघायची म्हणजे अजून एक मध्यरात्र जाऊ द्यायची, म्हणजे कार्डाची अजून एक दिवसाची मर्यादा चोरांना मोकळी.

चौथा पर्याय निवडला. फोनचं नेट आणि नेटवर्क तोडायचं, आणि दुसऱ्या फोनवरून आधी कार्ड बंद करून मग सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर तक्रार करायची.

## काय केलं, कोणत्या क्रमाने

मामांना सांगितलं, फोन विमान मोडवर टाका आणि वायफाय बंद आहे ना बघा. मामींच्या फोनवरून, कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर कार्ड बंद केलं. नंबर गुगलवर शोधू नका, कार्डावरचाच बघा, हे मी दोनदा बजावलं. बँकांच्या नावाचे खोटे मदत क्रमांक इंटरनेटवर पेरलेले असतात आणि घाबरलेला माणूस नेमका त्यांच्याच हाती लागतो.

मग १९३०. हा देशभराचा आर्थिक सायबर फसवणुकीचा क्रमांक. तिथे तक्रार नोंदली की ती पोलिसांमार्फत संबंधित बँका आणि पैसे फिरवणाऱ्या कंपन्यांपर्यंत एकाच यंत्रणेतून जाते आणि पैसे जिथे असतील तिथे थोपवून धरता येतात. पैसे पुढे सरकत गेले की थोपवायला काही उरत नाही, म्हणून इथे तासांचा हिशोब असतो. पहिल्या प्रयत्नात फोन लागला नाही, चौथ्या वेळी लागला. व्यवहारांच्या वेळा आणि रकमा हव्या होत्या. मेसेज तर चोरीला गेले होते, म्हणून बँकेच्या मदत क्रमांकावर विचारून त्या घेतल्या. तक्रारीचा क्रमांक मिळाला तेव्हा ६ वाजून ५० मिनिटं झाली होती. दुपारी `cybercrime.gov.in` वर उरलेली माहिती आणि चित्रं चढवली.

सिम काढून मामींच्या जुन्या बटणांच्या फोनमध्ये घातलं. पाच मिनिटांत टिंग-टिंग करत मेसेज यायला लागले. बटणांच्या फोनवर असलं अ‍ॅप चालत नाही, त्यामुळे ओटीपी चोरीला जाण्याचा रस्ता तिथेच बंद झाला. कॉल दुसरीकडे वळवलेले आहेत का ते बघायला `*#21#` आणि सगळी वळणं काढून टाकायला `##002#` डायल केलं. काही सापडलं नाही, पण तपासणं गरजेचं होतं, कारण काही ओटीपी फोनवर बोलूनही सांगितले जातात.

दरम्यान कळलं की मामांच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून तीच चलनाची फाइल रात्रीतून सगळ्या ग्रुपवर गेली आहे. एसएमएस ज्याच्या हाती त्याला व्हॉट्सअ‍ॅपचा नोंदणी कोडही मिळतो. शेजारच्या वाडीतल्या त्या माणसाचंही असंच झालं होतं, त्याने स्वतः काही पाठवलेलंच नव्हतं. मुलाच्या दुसऱ्या फोनवर मामांचा नंबर नव्याने नोंदवला. नवीन कोड टाकला की दुसरीकडे चालू असलेलं व्हॉट्सअ‍ॅप बाहेर फेकलं जातं. चोरांनी मध्येच सहा आकडी पिन लावून ठेवलेला होता, त्यामुळे आम्हाला पूर्ण वापर मिळायला सात दिवस थांबावं लागलं. पण ते तिथून बाहेर पडले, हे महत्त्वाचं.

सगळ्यात शेवटी, फाइल आणि अ‍ॅपांच्या यादीची चित्रं जपून ठेवून फोन पुसला.

## निष्पन्न

९९,८०० पैकी ३१,४०० रुपये थोपवले गेले. ते दुसऱ्या, म्हणजे मध्यरात्रीनंतरच्या व्यवहारातले होते. पहिल्यातलं काहीच हाती लागलं नाही. थोपवलेले पैसे आपोआप खात्यात येत नाहीत, त्यासाठी तेव्हा न्यायालयाचा आदेश लागला. मामांना तालुक्याला चार खेपा घालाव्या लागल्या आणि पाच महिन्यांनी पैसे जमा झाले.

उरलेल्या ६८,४०० साठी आम्ही बँकेला पत्र दिलं. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक याबाबतीत तेव्हा आधाराचं होतं. चूक ग्राहकाचीही नाही आणि बँकेचीही नाही, यंत्रणेत तिसरीकडेच कुठे आहे, अशा वेळी ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर त्यानुसार त्याच्यावर बोजा येत नसे. पण ग्राहकाने आपली माहिती स्वतः दिली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. मामांनी कार्डाचे आकडे स्वतः भरले होते, आणि दोन्ही व्यवहार कळवण्याआधीचे होते. बँकेने याच कलमावर बोट ठेवलं. मला ते मान्य करणं जड गेलं, पण नियम तसाच होता. कळवण्याची वेळ किती मोलाची आहे हे त्यावरून दिसतं. शनिवारी रात्री साडेआठला कार्ड बंद झालं असतं, तर दोन्ही व्यवहार झालेच नसते.

## निर्णयाच्या जागा

मागे वळून बघताना मला चार जागा दिसतात, जिथे वाट वेगळी होऊ शकली असती.

पहिली जागा फाइलचं नाव. मामांनी पाहिलं ते पाठवणाऱ्याचं नाव, फाइलचं शेपूट पाहिलंच नाही. चलन, लग्नपत्रिका, बँकेची केवायसी, शेतकरी योजनेची यादी, यातलं काहीही `.apk` असूच शकत नाही. कागद असेल तर तो `.pdf` किंवा चित्र असेल. लग्नाचं आमंत्रण वाचायला अ‍ॅप बसवावं लागत असेल, तर ते आमंत्रण नाही. आणि खात्रीचा माणूस पाठवतोय याला इथे काही अर्थ नाही, कारण फाइल पाठवायला त्या माणसाची गरजच नसते.

चलन आहे का हे बघायचं तर दाबण्यासारखं काहीच नको होतं. `echallan.parivahan.gov.in` स्वतः टाइप करून गाडीचा नंबर आणि तिथे मागितलेली बाकीची माहिती घातली की झालं. लिंक आली असेल तर पहिल्या एकेरी तिरक्या रेषेपर्यंतचा भाग उजवीकडून डावीकडे वाचायचा. बहुतेक सरकारी पत्त्यांचा शेवट `.gov.in` ने होतो. `parivahan.gov.in` ही अक्षरं पत्त्याच्या सुरुवातीला असून शेवट भलताच असेल, तर खरा मालक तो भलता शेवट असतो.

दुसरी जागा प्ले प्रोटेक्ट. मला सगळ्यात जास्त हळहळ याच जागेची वाटते. फोनने त्याचं काम चोख केलं होतं. पण इशारा येणार हे टोळीला माहीत होतं, म्हणून त्याचं स्पष्टीकरण त्यांनी आधीच देऊन ठेवलं. राखणदाराला बाजूला करा असं सांगणारा मजकूर कुणाचाही असो, त्या एका वाक्यावरूनच तो ओळखता येतो. कुठलीही सरकारी यंत्रणा किंवा बँक असं करायला सांगत नाही. मामा मला म्हणाले, “लाल बघून भ्यालो हुतो गं, पण लिवलंच हुतं की तसं.” त्यांना भीती वाटली होती आणि ती बरोबर होती.

तिसरी जागा नाहीसं झालेलं चिन्ह. अ‍ॅप बसवल्यावर दिसत नाही म्हणजे ते बसलं नाही, असा अर्थ मामांनी काढला. खरा अर्थ उलटा आहे. प्रामाणिक अ‍ॅपला लपायचं कारण नसतं. तेव्हाच `Settings` मध्ये जाऊन दोन ठिकाणं पाहिली असती तर पुरलं असतं: `Default apps` मध्ये `SMS app` समोर कोण बसलं आहे, आणि `Special app access` मधल्या `Install unknown apps` मध्ये कुणाला मुभा आहे. तिथे व्हॉट्सअ‍ॅप किंवा ब्राउझर चालू दिसणं हीच धोक्याची खूण.

चौथी जागा माझी. नेमकं एसएमएस बंद आणि बाकी फोन नीट चालू, हे रेंजचं लक्षण नाही. रेंज गेली तर कॉलही जातो, आणि मामा तर माझ्याशी त्याच फोनवरून बोलत होते. मी हे काम रोज करते आणि तरी ते मला जोडता आलं नाही. काय बदललं एवढंच विचारलं असतं तर तीन तास हाती होते. आता घरातल्या कुणाचाही ‘मेसेज येत नाहीत’ असा फोन आला की मी आधी कार्ड बंद करायला सांगते, कारण मागाहून विचारते.

## खरं आणि नकली कसं ओळखलं असतं

मामांच्या अ‍ॅपवर राजमुद्रा होती, रंग सरकारी होते, मराठीही बरी होती. दिसण्यावरून ओळखायचा प्रयत्न करू नये, कारण चित्र कुणालाही चोरता येतं. सहज चोरता न येणाऱ्या गोष्टी थोड्या आहेत आणि नजर त्यांच्यावर ठेवावी.

एक म्हणजे अ‍ॅपचं अंतर्गत नाव. प्रत्येक अ‍ॅपला असं एक नाव असतं आणि प्ले स्टोअरवर ते एकदाच वापरता येतं. ब्राउझरमध्ये प्ले स्टोअरचं पान उघडलं तर पत्त्यात `id=` च्या पुढे ते दिसतं. परिवहन मंत्रालयाच्या खऱ्या एमपरिवहन अ‍ॅपचं नाव `com.nic.mparivahan`. मामांच्या फोनवरच्या अ‍ॅपचं नाव म्हणजे कळफलकावर हात फिरवल्यासारखी निरर्थक अक्षरं होती.

दुसरी म्हणजे सही. प्रत्येक अ‍ॅपवर बनवणाऱ्याने गुप्त किल्लीने केलेली एक सांकेतिक सही असते. खरं अ‍ॅप फोनवर असताना त्याच अंतर्गत नावाचं नकली अ‍ॅप ‘अपडेट’ म्हणून वर बसवायला गेलं तर सही जुळत नाही आणि फोन नकार देतो. म्हणूनच नकली अ‍ॅप वेगळ्या नावाने येतं आणि शेजारी दुसरं चिन्ह तयार होतं. बँकेचं अ‍ॅप अपडेट केल्यावर एकाची दोन चिन्हं दिसली, तर दुसरं नकली.

तिसरी गोष्ट सगळ्यात सोपी. अ‍ॅपचं चिन्ह दाबून धरायचं, `App info` उघडायचं आणि तळाशी जायचं. अ‍ॅप कुठून आलं ते बहुतेक फोनवर तिथे लिहिलेलं असतं. बँकेच्या किंवा सरकारी अ‍ॅपखाली प्ले स्टोअरऐवजी व्हॉट्सअ‍ॅपचं किंवा ब्राउझरचं नाव असेल, तर पुढची चौकशी करत बसायची गरज नाही.

दुकानात असलं म्हणजे खरंच, असंही नाही. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये प्ले स्टोअरवरच व्हॉट्सअ‍ॅपच्या नावाने एक खोटं अ‍ॅप सापडलं होतं. बनवणाऱ्याचं नाव हुबेहूब खऱ्यासारखं दिसत होतं, कारण त्यात शेवटी न दिसणारी एक मोकळी जागा टाकलेली होती. ते काढून टाकेपर्यंत १० लाखांहून जास्त वेळा उतरवून घेतलं गेलं. म्हणून बँकेचं अ‍ॅप प्ले स्टोअरमध्ये नाव टाकून शोधण्यापेक्षा बँकेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच्या दुव्यावरून जाणं बरं. शोधायचंच असेल तर बनवणाऱ्याच्या नावावर बोट ठेवून त्याची बाकीची अ‍ॅपं बघायची. मोठ्या बँकेची सहसा चार-पाच अ‍ॅपं असतात आणि वर्षानुवर्षांची. नकल करणाऱ्याचं बहुधा एकच असतं, कालपरवाचं.

## आता काय आहे

मामांचं दुधाचं खातं आता कार्डाशिवायचं आहे. डिझेलपुरते पैसे ठेवायला दुसरं छोटं खातं आहे, आणि त्याच्या कार्डावर ऑनलाइन खरेदी बंद करून ठेवली आहे. बँकेचा नंबर असलेलं सिम अजून बटणांच्या फोनमध्येच आहे. व्हॉट्सअ‍ॅप वेगळ्या फोनवर, दोन पायऱ्यांच्या पिनसह. दूध उत्पादकांच्या ग्रुपवर आता फक्त अ‍ॅडमिनना पाठवता येतं. त्या शनिवारी ती फाइल ग्रुपवरच्या आणखी दोघांनी उघडली होती. त्यातल्या एकाला मामांनी रविवारी सकाळी सात वाजता स्वतः घरी जाऊन फोन बंद करायला लावला. त्याच्या खात्यात आदल्याच दिवशी दुधाचं बिल जमा झालं होतं आणि ते तसंच होतं.

मामी वहीत रोजचे आकडे उतरवतात. त्या शनिवारच्या संध्याकाळची ओळ त्यांनी दुसऱ्या दिवशी डेअरीतून विचारून आणून भरली: ११ लिटर, फॅट ६.८.